चोच उघडून बघा

कोंबडीच्या तुऱ्यावर काळपट खपल्या दिसल्या की आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकात शाळकरी पोरगंही सांगतं, "देवी आल्यात." हे निदान बहुतेक वेळा बरोबर असतं. पण तुऱ्यावरच्या खपल्या म्हणजे सगळा आजार नव्हे. याच आजाराचं दुसरं रूप चोचीच्या आत असतं, तिथं कोणी बघत नाही, आणि कोंबड्या दगावतात त्या बहुतेक त्यानेच. पशुसखी म्हणून वस्त्यांवर फिरताना मी एक सवय लावून घेतली आहे. देवीसाठी बोलावणं आलं की तुरा नंतर, आधी तोंड.

बाहेरची देवी ओळखायला सोपी. सुरुवातीला तुऱ्यावर, पापण्यांवर, चोचीच्या कोपऱ्यात, चोचीखाली लोंबणाऱ्या कातडीवर बारीक फिकट पुरळ येते. म्हणजे जिथं पीस नाही तिथं, कधी पायांवरसुद्धा. ती वाढते, पिवळट होते, एकमेकींत मिसळते आणि खडबडीत, तपकिरी-काळी चामखिळीसारखी गाठ बनते. दोन ते चार आठवड्यांत खपली वाळून गळते. अशी कोंबडी अंडी कमी देते, मरगळते, पण सहसा जगते. तिला धोका असतो तो पापण्यांचा. दोन्ही डोळे खपल्यांनी मिटले की समोर दाणे असूनही ती उपाशी राहते. छातीवर हात फिरवल्यावर हाड टोचायला लागलं, की ती किती दिवस उपाशी आहे ते कळतं.

आतली देवी वेगळी. जिभेवर, टाळूला, घशात पांढरे-पिवळे ठिपके उठतात आणि पसरून दह्याच्या चोथ्यासारखा जाड थर बसतो. हा थर श्वासनळीच्या तोंडाशी आला की कोंबडी मान लांब करून, चोच उघडी ठेवून श्वास ओढते आणि घशातून घरघर येते. तुऱ्यावर एकही फोड नसतो, म्हणून घरचे म्हणतात सर्दी झाली. लसूण चारतात, कोणी दुकानातून गोळी आणून पाण्यात टाकतं. तोवर थर वाढून नळी बंद होते.

ऊसतोड सुरू झाली त्या सुमाराला कालव्याखालच्या एका वस्तीवरून बोलावणं आलं. तिथल्या एका मावशींच्या तीसेक कोंबड्या. दोन तरण्या कोंबड्यांच्या तुऱ्यांवर खपल्या होत्या, त्यांवर हळद-तेल लावून झालं होतं. त्यांतल्याच एका तलंगीचा डावा डोळा मिटलेला. मावशी म्हणाल्या, "ताई, देवीचं कळलं मला. ती कोपऱ्यातली बघा, तिला नुसती सर्दीये."

कोपऱ्यातली कोंबडी मान ताणून बसली होती. तिचा तुरा स्वच्छ. चोच उघडून उजेडात धरली तर जिभेच्या मुळाशी पिवळा थर, श्वासनळीच्या कडेपर्यंत गेलेला. कापसाचा बोळा हलकेच फिरवला. थर निघाला नाही, कड जराशी उचलली तेवढ्यात खालून रक्त आलं. माझ्या लेखी ही सगळ्यात कामाची खूण. अ जीवनसत्त्व कमी पडलं तरी तोंडात आणि अन्ननळीत पांढरे दाणे येतात, पण ते बारीक, सुटे असतात आणि पुसले तर निघतात. शिवाय दिवसभर घासात आणि मेथीच्या वाफ्यात चरणाऱ्या गावठी कोंबडीला ती कमतरता सहसा होत नाही. खऱ्या सर्दीत चेहरा सुजतो, नाकातून घाण वासाचा चिकट स्राव येतो आणि दोन-तीन दिवसांत निम्मा खुराडा शिंकायला लागतो. इथं एकच कोंबडी घरघरत होती आणि शेजारी तुऱ्यावर खपल्या असलेली दोन होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांचंही मत देवीचंच पडलं.

एकच विषाणू दोन रूपं का घेतो? मला समजलं आहे ते असं, की तो कुठून शिरला यावर बरंचसं ठरतं. धडधाकट कातडी त्याला ओलांडता येत नाही, त्याला जखम लागते. ती भांडणात चोच लागून होते, काट्याने होते, पण आमच्याकडे मुख्यतः डास करतो. गळून पडलेल्या खपलीची धूळ नाकातोंडात गेली किंवा रोगट कोंबडीने तोंड घातलेलं पाणी दुसरीने प्यायलं, तर तो आतल्या ओल्या त्वचेला धरतो. वाळलेल्या खपलीत हा विषाणू कित्येक महिने टिकतो, त्यामुळे न झाडलेला खुराडा पुढच्या पिलांसाठी तयार सापळा असतो.

डास हा आजार वाहतात, हे 1929 साली क्लिग्लर, मकेनफस आणि रिव्हर्स या संशोधकांनी प्रयोगाने दाखवलं. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो, तसं इथं काही होत नाही. देवीचा विषाणू डासाच्या सोंडेला नुसता चिकटून राहतो. मात्र तिथं तो काही आठवडे टिकतो, आणि एकदा रोगट कोंबडीला चावलेला डास नंतर अनेकींना टोचत जातो. संध्याकाळनंतर कोंबड्या दांडीवर नाहीतर डाल्याखाली निश्चल बसलेल्या असतात आणि अंगावर उघडी कातडी काय ती चेहऱ्याची. पुरळ तिथंच का उठते, याचं उत्तर त्यातच आहे.

आमचा भाग नीरा डाव्या कालव्याचा. आवर्तन सुटलं की चाऱ्या भरतात, उसात पाणी तुंबतं, घराशेजारी सांडपाण्याचं डबकं बारमाही. तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात डास पावसाळ्यापुरते त्रास देतात, बागायतीत त्यांना हंगामच नाही. त्यात साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या पडतात. त्यांच्यासोबत त्यांच्या कोंबड्या येतात, आणि आमच्या कोंबड्या त्यांच्यात मिसळतात. रोग कोणाकडून कोणाकडे गेला हे शोधण्यात अर्थ नसतो. डास दोन्हीकडे तेच.

मावशींच्या खुराड्यात तर आजार शिरलेला होता. या विषाणूवर औषध नाही. डॉक्टर प्रतिजैविक देतात ते खपलीखाली दुसरे जंतू माजू नयेत म्हणून. चार आजारी कोंबड्या गोठ्यामागे वेगळ्या ठेवल्या, चौथीच्या पायावर फोड होते. त्यांची भांडी वेगळी, आणि त्यांना दाणापाणी शेवटी घालायचं, म्हणजे तेच हात लगेच निरोगी कोंबड्यांना लागणार नाहीत. खपल्या ओढायच्या नाहीत हे मी दोनदा बजावलं, कारण ओढली की रक्त येतं, जखम चिघळते आणि विषाणू अंगणभर होतो. मिटलेला डोळा जेमतेम गुलाबी दिसेल इतक्या फिक्या पोटॅशियम परमँगनेटच्या कोमट पाण्याने पुसायचा आणि भिजवलेली कणी हाताने भरवायची. तोंडातल्या थरावर बोरोग्लिसरीन लावलं.

मावशींना नातवंडांची काळजी होती. त्यांना सांगितलं, ही देवी माणसाला होत नाही. कोंबडी हाताळून झाल्यावर हात धुतले की पुरे.

राहिलेल्या निरोगी कोंबड्यांना लस द्यायचं ठरलं. घरात रोग आल्यावर लस देण्यात काय हशील, असं पुष्कळांना वाटतं. मानमोडीच्या बाबतीत ते खरं आहे, ती दोन-चार दिवसांत खुराडा रिकामा करते. देवी मात्र सावकाश चालते, एकीकडून दुसरीकडे जाता जाता आठवडे घेते. लसीची ताकद दहा ते चौदा दिवसांत येते. थोड्याच कोंबड्या आजारी असतील तर बाकीच्यांच्या बाबतीत लस रोगाच्या पुढे जाऊ शकते.

पुण्यात औंधच्या सरकारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत ही लस तयार होते. ती जिवंत असते, म्हणून दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासमध्ये आणायची. द्रावणात कालवली की दोन तासांच्या आत संपवायची, उरली तर फेकायची. एका बाटलीत शंभर किंवा जास्त मात्रा आणि एका घरी तीस कोंबड्या, ही आमची कायमची अडचण. म्हणून आदल्या संध्याकाळी शेजारच्या चार घरांना निरोप दिला, "उद्या पहाटे डालं उघडू नका." एकदा का कोंबड्या उसात गेल्या, की हाती लागत नाहीत.

पाण्यातून द्यायची लस लोकांना ठाऊक असते, पण ही टोचावीच लागते. दोन टोकांची, खाच असलेली सुई बाटलीत बुडवायची. एकाने कोंबडी धरून पंख पसरायचा. पंखाच्या पुढच्या कडेला दोन हाडांमध्ये कातडीचा पातळ पडदा असतो. तिथली बारीक पिसं बाजूला सारून, शीर आणि हाड चुकवून, खालच्या बाजूने आरपार टोचायचं. पीस मध्ये आलं तर लस पिसालाच पुसली जाते. आधी स्पिरिट लावलं तर लसच मरते. लसीचा थेंब कोंबडीच्या डोळ्यात-तोंडात जाऊ द्यायचा नाही, कारण तिथं हाच जिवंत विषाणू आजार करू शकतो. घर बदललं की सुई बदलायची. डास जे काम रात्री नको तिथं करतो, ते आपण उजेडात, आपण निवडलेल्या जागी आणि सौम्य विषाणूने करत असतो.

टोचून झालं म्हणजे काम झालं, असं नाही. सात ते दहा दिवसांनी पुन्हा जाऊन पंख बघावे लागतात. टोचल्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढी सूज किंवा खपली हवी. दहा कोंबड्या पाहिल्या तर निदान आठांना ती दिसली पाहिजे. नसेल तर लस उन्हात खराब झाली असेल, सुई पिसात गेली असेल, किंवा कोंबडीला पूर्वी देवी येऊन गेली असेल. जुन्या कोंबड्यांत तिसरी शक्यता धरता येते. तलंगांमध्ये मात्र खूण नसेल तर मी लस पुन्हा द्यायला लावते.

मावशींची घरघरणारी कोंबडी तिसऱ्या दिवशी गेली. मिटल्या डोळ्याची तलंग भरवून भरवून वाचली. लस दिलेल्यांपैकी दोघींना पहिल्याच आठवड्यात पुरळ आली, कारण विषाणू त्यांच्या अंगात आधीच शिरला होता. रोग शिरल्यापासून फोड दिसेपर्यंत चार ते दहा दिवस जातात. त्यानंतर नवीन एकही नाही. मावशींनी खुराड्यातली झाडलोट जाळली, भिंतींना चुना दिला आणि सांडपाण्याला नाली काढली.

लसीकरणाची शिबिरं वर्षातून एकदा होतात, खुडूक कोंबडी मात्र तिच्या मनाने बसते. शिबिरानंतर जन्मलेली पिलं लसीविना राहतात आणि पुढची साथ नेमकी त्यांना धरते. देवीची लस पिलू साधारण सहा आठवड्यांचं झालं की देतात. म्हणून मी आता लसीचा हिशेब अंड्यांपासून मांडते. अंडी बसवल्यापासून 21 दिवसांनी पिलं, त्यापुढे सहा आठवडे, म्हणजे नऊ आठवड्यांनी लस. मानमोडीचं इंजेक्शन त्यानंतर आठवडाभर सोडून. चार-पाच घरांनी होळीच्या आसपास एकाच आठवड्यात खुडूक बसवल्या, तर मेच्या मध्यावर सगळी पिलं एका वयाची होतात, एक बाटली एका पहाटेत संपते आणि मृग लागायच्या आत पंखावरची खपलीही बघून होते. वस्तीवर आता खुडूक बसवली की फोन येतो, आणि मी त्याच दिवशी दवाखान्याच्या वहीत नऊ आठवड्यांनंतरची तारीख लिहून ठेवायला सांगते.