वर्षप्रवेशाची वेळ

1 जून 2025, रविवार, सातारा

सकाळी शेजारच्या मावशी मुलाची पत्रिका घेऊन आल्या. मुलगा येत्या 12 तारखेला चाळीस पूर्ण करून एक्केचाळिसाव्यात जाईल. पुण्यात नोकरी आहे, आता सिंगापूरहून बोलावणं आलंय. "जाऊ दे की नको, एवढंच बघ गं," मावशी म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की जाण्या-न जाण्याचा निर्णय पत्रिका करत नाही. पुढचं वर्ष कोणत्या अंगाने जाईल, एवढं मांडून देईन.

जन्म 12 जून 1985, सातारा, सकाळी 10 वाजून 20 मिनिटं. लग्न कर्क, 26 अंश. वेळ दवाखान्याच्या कागदावरची आहे, पण अशा गोल आकड्यांवर माझा कधीच पूर्ण भरवसा बसत नाही. इथे वीसेक मिनिटं उशीर धरला तर लग्न सिंहेत जातं. मावशींना खोदून विचारलं. त्यांना साडेदहाचा भोंगा आठवतो, आणि तो वाजला तेव्हा बाळ कुशीत होतं. म्हणजे वेळ पुढे सरकायला फारशी जागा नाही. कर्क धरून चालते.

3 जून, मंगळवार

वर्षफलाचं मूळ एका क्षणात आहे. जन्मवेळी रवी ज्या राशीत, ज्या अंशावर, ज्या कलेवर होता, तिथे तो दर वर्षी परत येतो. तो क्षण म्हणजे वर्षप्रवेश. त्या क्षणाची कुंडली मांडायची आणि पुढच्या वाढदिवसापर्यंतचं वर्ष तिच्यावरून वाचायचं. तारीख साधारण वाढदिवसाचीच येते, कधी एक दिवस मागेपुढे. वेळ मात्र दर वर्षी सहा तासांहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणून लग्न दर वर्षी वेगळं येतं.

रात्री अण्णांची वही काढली. त्यांच्या हातचं ध्रुवांकाचं कोष्टक पहिल्याच पानावर आहे: एका वर्षाला 1 वार, 15 घटी, 31 पळं, 30 विपळं. हे सूर्यसिद्धान्ताचं वर्षमान. चाळीसने गुणलं. वारांचे सातसात काढून टाकल्यावर 1 वार 21 घटी उरल्या. जन्म बुधवारचा, सूर्योदयापासून 10 घटी 50 पळांवर. मिळवणी केली की गुरुवार, 31 घटी 50 पळं. घड्याळात संध्याकाळी 6 वाजून 44 मिनिटं.

त्या वेळेला सातारला वृश्चिक लग्न. मांडणी करून झोपले.

4 जून, बुधवार

झोप नीट लागली नाही. पहाटे उठून एकच पडताळा केला, जो रात्रीच करायला हवा होता. जन्मवेळचा रवी वृषभ 27 अंश 31 कला. मग 12 तारखेला संध्याकाळी 6:44 ला रवी कुठे? 27 अंश साडेछत्तीस कला. म्हणजे रवी आपल्या जागेवर येऊन पुढे निघूनही गेला होता, साडेपाच कला. रवीला तेवढं चालायला सव्वादोन तासांहून जास्त लागतात.

चूक अण्णांच्या गुणाकाराची नाही, वर्षमानाची आहे. रवी ताऱ्यांच्या संदर्भात त्याच जागी यायला आज मोजलेला काळ 365 दिवस 15 घटी 22 पळं 54 विपळं आहे. सूर्यसिद्धान्ताचं मान त्याहून साडेआठ पळांनी मोठं, म्हणजे वर्षाला जवळजवळ साडेतीन मिनिटं. पाच वर्षांच्या मुलाचं वर्षफल करताना हा फरक फारसा जाणवत नाही. चाळिशीला तो 2 तास 18 मिनिटं होतो. साठीला साडेतीन तासांच्या घरात जातो, आणि तेवढ्यात लग्न एक राशी तर सरकतंच, कधी दोनही.

खरी वेळ दुपारी 4:26 च्या आसपास येते. लग्न तूळ, जवळजवळ 22 अंश. पुढची राशी लागायला अर्ध्या तासाहून जास्त अवकाश आहे, म्हणून दोन-चार मिनिटांच्या फरकाने इथे काही बिघडणार नाही.

अयनांशाचा वाद या जागी आड येत नाही, हे अनेकांना पटत नाही. जन्माला आणि वर्षाला एकाच पद्धतीचा अयनांश लावला, तर परतीची वेळ तीच राहते. लग्नाचे अंश तेवढे बदलतात. पाश्चात्त्य ज्योतिषी अयनांश लावतच नाहीत, त्यांचा रवी वसंतसंपातापासून मोजलेल्या अंशावर परततो. संपात स्वतः मागे सरकत असल्याने त्यांची परत दर वर्षी सुमारे वीस मिनिटं आधी होते. या मुलाच्या बाबतीत ती 12 तारखेच्या पहाटे तीनच्या सुमाराची आहे. ती कुंडली वेगळ्या शास्त्राची. तिचे नियम आपल्या मांडणीत मिसळू नयेत.

7 जून, शनिवार

मंगळ आज कर्केतून सिंहेत आला. नीचेतून बाहेर पडला खरा, पण अजून सुरुवातीच्या अंशात आहे, बळ मिळायला वेळ लागेल. वर्षप्रवेशाला तो सिंहेत 3 अंशांवर असेल. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण चुकीच्या वृश्चिक कुंडलीत सगळा भार याच मंगळावर पडला होता.

वर्षाचा राजा, म्हणजे वर्षेश, पाच उमेदवारांतून निवडतात. मुंथेचा स्वामी, जन्मलग्नाचा स्वामी, वर्षलग्नाचा स्वामी, त्रिराशिपती आणि दिवसा वर्षप्रवेश असेल तर रवीच्या राशीचा स्वामी. मुंथा जन्मलग्नापासून दर वर्षी एक राशी चालते. चाळीस वर्षांत तीन फेऱ्या आणि वर चार राशी, म्हणजे कर्केपासून वृश्चिकेत. ती वर्षप्रवेशाच्या वेळेवर ठरत नाही, म्हणून दोन्ही कुंडल्यांत एकच.

तूळ लग्नाला पाच अधिकारी असे: मंगळ, चंद्र, शुक्र, बुध आणि पुन्हा शुक्र. चौघेही लग्नाला पाहतात. बळात शुक्र आणि बुध जवळजवळ बरोबरीचे निघाले, विसांपैकी पंधराच्या आसपास. दोन अधिकार शुक्राकडे आहेत, म्हणून वर्ष शुक्राचं.

वृश्चिक लग्नाला मंगळाकडे एकदम तीन अधिकार आले होते. चंद्र दुसऱ्या आणि शुक्र सहाव्या स्थानात, आणि ताजिकात त्या स्थानांवरून लग्नावर दृष्टीच नाही. दृष्टी नसली की उमेदवारी बाद. मंगळ एकटा उरला, तोही अशक्त, विसांपैकी सात-साडेसात बळाचा. मी मंगळवारी रात्रीच ती कुंडली मावशींना सांगितली असती, तर "वाद, घाई, वरिष्ठांशी खटके, या वर्षी नोकरी हलवू नये" असंच तोंडून निघालं असतं.

8 जून, रविवार

नोकरीचा प्रश्न आज बघितला. तूळ लग्नाला दशमात कर्क, स्वामी चंद्र. चंद्र धनूत 10 अंशांवर, लग्नेश शुक्र मेषेत 12 अंशांवर. दोघांत नवपंचमाची मित्रदृष्टी. जलद चंद्र मागे आणि मंद शुक्र दोन अंश पुढे, म्हणजे चंद्र शुक्राला गाठायला निघालाय. हाच इत्थशाल. जलद ग्रह पुढे निघून गेला असता तर तो ईसराफ झाला असता, म्हणजे गोष्ट हातची जाण्याची खूण. दोन अंशांच्या मागेपुढे होण्याने फळ उलटतं, आणि म्हणून वेळेच्या हिशेबावर मी एवढी अडून बसते.

वृश्चिक कुंडलीत दशमेश रवी आणि लग्नेश मंगळ यांच्यात असा योगच नव्हता.

इत्थशाल, ईसराफ असे शब्द म्हणताना मला नेहमी नीलकंठ दैवज्ञांची आठवण येते. घराणं मूळ विदर्भातलं, वास्तव्य काशीला. त्यांची ताजिकनीलकंठी 1587 ची. वर्षफल करणाऱ्या बहुतेकांच्या हाताशी आजही तोच ग्रंथ असतो. इत्थशाल, ईसराफ, सहम, मुंथा हे सगळे शब्द अरबी-फारसीतून संस्कृतात आले, आणि पंडितांनी ते आडनाव लपवल्यासारखे न दडवता उघड श्लोकांत बसवले. मला या मोकळेपणाचा मोठा आदर वाटतो. वर्षमान सुधारताना मला संकोच वाटू नये, असं धैर्य त्यांच्याकडूनच मिळतं.

10 जून, मंगळवार, वटपौर्णिमा

वडाला फेऱ्या मारून परतताना मावशी भेटल्या. मुलगा मुलाखतीसाठी उद्याच निघतोय, वाढदिवस सिंगापुरात. घरी येऊन तिथलं लग्न काढलं. क्षण तोच, तिथल्या घड्याळात संध्याकाळी 6:56. सिंगापूर साताऱ्याच्या तीस अंश पूर्वेला असल्याने तिथे लग्न वृश्चिकच येतं, 25 अंश. जी कुंडली मी चूक म्हणून फाडली, ती जागा बदलल्यावर बरोबर होऊन समोर उभी राहिली.

वर्षलग्न जन्मस्थानाचं घ्यावं की वास्तव्याचं, यावर जाणत्यांत मतभेद आहेत. पाश्चात्त्यांत तर चांगलं लग्न मिळावं म्हणून वाढदिवसाला दुसऱ्या गावी जाणारे लोक आहेत. मी जन्मस्थान धरते. वर्षकुंडली जन्मकुंडलीशी ताडून वाचायची असते. मुंथा जन्मलग्नापासून मोजतात, आणि ते लग्न साताऱ्याच्या क्षितिजावरचं आहे. चार दिवसांच्या मुलाखतीच्या प्रवासाने वर्षाचं क्षितिज बदलतं, हे मला पटत नाही. तो तिथे स्थायिक झाला तर पुढच्या वर्षी प्रश्न पुन्हा विचारात घेईन. माझी निवड मी कागदावर लिहून दिली, म्हणजे दुसऱ्या कुणी वृश्चिक मांडली तर मावशी गोंधळणार नाहीत.

11 जून, बुधवार

सकाळी मुलाचा विमानतळावरून फोन. "काकू, थोडक्यात सांगा." मी सांगितलं: नोकरीचं काम जुळण्याची बाजू चांगली आहे. शुक्राचं वर्ष, म्हणजे करार, वाटाघाटी आणि भागीदारी यांतून काम होईल, भांडून नाही. मुंथा दुसऱ्या स्थानी, पण तिचा स्वामी मंगळ दुबळा, म्हणून पगाराचे आकडे लेखी घ्या. आणि मूळ पत्रिकेत दूरदेशी स्थिरावण्याचा योग ठळक नाही. जन्मपत्रिकेत नसलेलं वर्षकुंडली देऊ शकत नाही, तेव्हा कायमचं घर विकून जाऊ नका. तो हसला नाही, "लिहून घेतो" म्हणाला.

अण्णांचं कोष्टक वहीत तसंच ठेवलं. त्याच्या शेजारी माझ्या अक्षरात नवं वर्षमान लिहिलं आणि खाली तारीख घातली. मावशींच्या कागदावर सगळ्यात वर दोन ओळी आहेत: जन्मवेळी रवी वृषभ 27 अंश 31 कला, वर्षप्रवेशी रवी वृषभ 27 अंश 31 कला. तुम्ही कुणाकडून वर्षफल करून घ्याल, तेव्हा या दोन ओळी आधी मागून घ्या. त्या कलेपर्यंत जुळत नसतील तर पुढचं पान वाचू नका.