नोकरी सोडू का? आधी दोन आठवड्यांची वही भरा

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत ना डॉक्टर? मग आता तुम्हीच याला सांगा, पर्मनंट नोकरी सोडू नकोस म्हणून.’ नाशिकमध्ये प्रॅक्टिस करताना हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकतो. बोलणारे कधी वडील असतात, कधी मामा, कधी सासरे. पेशंट शेजारी मान खाली घालून बसलेला असतो. तुमच्यावर अशी वेळ आली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आणि तुमच्यासोबत दवाखान्यात येणाऱ्या माणसासाठीही आहे.

आधी नातेवाइकांची बाजू समजून घेऊ. सातपूर-अंबडमध्ये काम करणाऱ्या अनेकांचं मूळ घर निफाड, दिंडोरी किंवा सिन्नर भागात आहे. तयार झालेली द्राक्षबाग एका संध्याकाळच्या गारपिटीत जाते, आणि बँकेचा हप्ता मात्र राहतो, हे त्या घरांनी पाहिलेलं असतं. अशा घरात महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येणारा पगार म्हणजे मोठा आधार. ‘सगळ्यांच्याच नोकरीत त्रास असतो, ढकल अजून थोडी वर्षं’ हे ते काळजीपोटी म्हणतात. पण पगार त्यांना दिसतो, तुमच्या शरीराचं काय होतंय ते दिसत नाही. वाद मिटत नाही तो इथेच.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय ४१, एका कारखान्यात सुपरवायझर, १४ वर्षांची नोकरी. रविवारी संध्याकाळ झाली की छातीवर दडपण यायचं, रात्री तीन वाजता जाग यायची, मुलांवर विनाकारण ओरडणं व्हायचं. सोबत पत्नी आणि मामा आले होते. ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन सगळं ठीक. दवाखान्यातला रक्तदाब १३४/८४. मामा म्हणाले, ‘म्हणजे काही झालेलं नाही.’

इथे थोडं थांबू. छातीत दुखलं की हृदयाची तपासणी आधीच करायची, ताण म्हणून सोडून द्यायचं नाही. पण साधा ईसीजी हृदयाची सुमारे १० सेकंदांची नोंद असते. दवाखान्यातला रक्तदाब हीसुद्धा त्या एका क्षणाची नोंद. काही लोकांचा रक्तदाब दवाखान्यात बरा असतो आणि कामाच्या दिवसांत वाढलेला असतो. याला आम्ही लपलेला उच्च रक्तदाब म्हणतो. तो शोधायचा तर घरी मोजावा लागतो.

म्हणून त्यांना एक वही करायला सांगितली. ती तुम्हीही करू शकता. दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या. सकाळी आणि संध्याकाळी पाच मिनिटं शांत बसून, मिनिटभराच्या अंतराने दोनदा रक्तदाब मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. शेजारी झोपेचे तास लिहा आणि त्या दिवशी मन कसं होतं याला शून्य ते दहापैकी एक आकडा द्या. असे दोन आठवडे कामाचे, आणि शक्य असेल तर सलग आठ-दहा दिवस रजेचे. घरच्या नोंदींची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर तो वाढलेला रक्तदाब समजतात.

या गृहस्थांची कामाच्या दिवसांची सरासरी आली १४८/९४ आणि झोप साडेचार तास. दिवाळीच्या नऊ दिवसांच्या रजेत तीच सरासरी १३२/८४ आणि झोप पावणेसात तास. मनाचा आकडा तीनवरून सातवर गेला होता.

रजेतला हा फरक महत्त्वाचा आहे. रजेत झोप परत येते, जेवणाला चव लागते, मुलांशी खेळावंसं वाटतं आणि कामाचा दिवस जवळ आला की सगळं पुन्हा बिघडतं, तेव्हा त्रासाचं मूळ कामात असण्याची शक्यता जास्त. याउलट रजेतही कशातच मन रमत नसेल, सकाळी उठणं नको वाटत असेल, आपण कुचकामी आहोत असं सतत वाटत असेल, तर नैराश्याचा आजार असू शकतो. त्यात नोकरी सोडूनही बरं वाटेलच असं नाही. आधी उपचार घ्यायचे आणि राजीनाम्यासारखा मोठा निर्णय थोडं सावरल्यावर घ्यायचा. कधी कधी दोन्ही एकत्र असतं, त्यामुळे निदान वहीवरून स्वतः करू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

पुढच्या भेटीत ती वही मी मामांसमोर ठेवली. त्यांनी दोन्ही पानं बराच वेळ पाहिली आणि विचारलं, ‘गोळीने होणार नाही का हे?’ प्रश्न रास्त होता. गोळीने रक्तदाब उतरतो, आणि ती आम्ही सुरूही केली. पण रात्री तीनची जाग आणि रविवारचं दडपण रक्तदाबाच्या गोळीने जात नाही. त्यानंतर बोलणं ‘सोडायची की नाही’ यावर अडलं नाही. कधी आणि कशी, यावर आलं.

त्यांनी आधी दुसऱ्या विभागात बदली मागितली. ती मिळाली नाही. मग घरी बसून हिशेब केला. हप्त्यासह महिन्याचा खर्च ३८ हजार आणि शिल्लक साधारण सात महिने पुरेल इतकी. नोकरी चालू ठेवूनच दुसरी शोधायची असं ठरलं. पाच महिन्यांनी सिन्नरला मिळाली, पगार सहा हजारांनी कमी. नव्या कामात चार महिने झाल्यावर घरची सरासरी १२८/८२ होती आणि झोप सहा तासांच्या वर. रक्तदाबाची गोळी मात्र चालूच आहे, कारण घराण्यात रक्तदाब आहे. नोकरी बदलली म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते.

सोडण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहा. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. नवी वैयक्तिक पॉलिसी घेतली, तर आधीपासून असलेल्या रक्तदाब-मधुमेहासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि आधीचा काळ त्यात धरला जातो. त्याची चौकशी आणि अर्ज जुनी पॉलिसी चालू असतानाच करा. ईएसआयमध्ये असाल, तर पुरेशी वर्गणी भरलेली असल्यास आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. डॉक्टरांना रजा आवश्यक वाटली, तर या सोयीमुळे राजीनामा न देताही विश्रांती घेता येते.

घरी सगळ्या नातेवाइकांना पटवत बसू नका. ज्यांच्या शब्दाला घरात मान आहे असं एकच माणूस निवडा आणि त्यांना वहीसकट दवाखान्यात घेऊन या. ‘मला सहन होत नाही’ यावर उत्तर तयार असतं. दोन पानांवरच्या आकड्यांवर मात्र विचार करावा लागतो.

जगणं नको वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर वही भरत थांबू नका. त्याच दिवशी घरच्या कुणाला तरी सांगा, डॉक्टरांना भेटा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे दिवसरात्र मराठीत बोलता येतं.