मोहरी काळी, सरसों पिवळी

ऑनलाइन कपडे विकणाऱ्या एका कंपनीच्या कॅटलॉगमधली रंगांची नावं मराठीत आणि हिंदीत करायचं काम माझ्याकडे आलं. हातात पडली ती एक एक्सेल शीट. एका रकान्यात टील, मरून, मस्टर्ड, रस्ट, वाइन अशी इंग्रजी नावं आणि शेजारी दोन रिकामे रकाने. कापडाचा फोटो एकही नाही. मी आधी फोटो मागितले, आणि जमतील तेवढे कापडाचे तुकडेही. नुसत्या नावावरून रंग ठरवायला गेलं की काय होतं, ते मस्टर्डनेच दाखवून दिलं.

शब्दकोशात मस्टर्ड म्हणजे मोहरी. पण मराठी घरात मोहरी म्हणजे फोडणीत तडतडणारे काळपट दाणे. ‘मोहरी रंगाचा कुर्ता’ वाचून कोणीही काळसर तपकिरी कुर्ता डोळ्यासमोर आणणार. हिंदीत उलटा घोळ. ‘सरसों’ म्हटलं की उत्तरेकडच्या माणसाला फुललेलं शेत दिसतं, लख्ख पिवळं. ‘राई’ घ्यावं तर पुन्हा गडद दाणे. इंग्रजी नाव ना दाण्यावरून आलंय ना फुलावरून. ते आलंय बाटलीतल्या चटणीवरून, म्हणजे तपकिरीकडे झुकलेला मळकट पिवळा. माझ्यापुढचा तुकडा तसाच होता. मराठीत मी ‘गडद हळदी’ लिहिलं, हिंदीत ‘गहरा हल्दी’, आणि शोधासाठीच्या पर्यायी शब्दांत दोन्हीकडे ‘मस्टर्ड’ ठेवलं.

टील हे एका छोट्या बदकाचं नाव. त्याच्या नराच्या डोळ्यामागे निळसर हिरवा पट्टा असतो, त्यावरून रंगाला हे नाव पडलं. आपल्याकडे ‘मोरपंखी’ तयारच आहे, असं मलाही वाटलं. खात्री करायला तुकडा घेऊन ओळखीच्या साडीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी तो दारात उजेडाला धरला, हलवून पाहिला आणि म्हणाले, “ताई, हा रामा ग्रीन. मोरपंखी हलवली की झाक बदलायला हवी.” त्यांनी एक साडी उलगडून दाखवली. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, त्यामुळे घडी मोडली की निळ्याचा हिरवा होत होता. माझा तुकडा साधा सुती, एकाच रंगात बुडवलेला. कसाही धरला तरी तसाच. म्हणून सुती कुर्त्यांना ‘रामा ग्रीन’ लिहिलं आणि ‘मोरपंखी’ दुरंगी रेशमासाठी राखून ठेवलं. हिंदीत ‘फ़िरोज़ी’ लिहायचा मोह होतो, पण ते नाव टर्कॉइजला लागणार होतं.

मरूनला हातच लावला नाही. हा शब्द बाजारात इतका मुरलाय की शोधतानाही लोक तोच टाइप करतात. हिंदीत ‘मैरून’ आणि ‘महरून’ दोन्ही चालतात, म्हणून एक दाखवायला ठेवलं आणि दुसरं शोधाच्या शब्दांत घातलं. खरी अडचण त्याच्या शेजाऱ्यांची. वाइन आणि बर्गंडी यांनाही कोणी ‘मरून’ लिहिलं असतं, तर एकाच कुर्त्याखाली एकाच नावाचे तीन ठिपके दिसले असते आणि ऑर्डर देणाऱ्याला निवडच करता आली नसती. तुकडे शेजारी मांडल्यावर वाइनमध्ये जांभळी झाक दिसली. मराठीत त्याला ‘आमसुली’ मिळालं. हिंदीत तेवढं चपखल नाव सापडेना, तिथे ‘वाइन’च राहिलं. बर्गंडी दोन्हीकडे ‘बर्गंडी’.

शेवटचा गुंता व्याकरणाचा. कंपनीच्या साच्यात रंग आणि वस्तू आपोआप जोडली जायची. त्यातून ‘निळा साडी’, ‘काळा जीन्स’ अशी शीर्षकं तयार होत होती. डाळिंबी, गुलाबी, रामा ग्रीन ही नावं बदलत नाहीत, ती कुठेही बसतात. पण निळा, काळा, पिवळा, हिरवा यांना साडीपुढे, कुर्त्यापुढे आणि जॅकेटपुढे वेगवेगळं रूप लागतं. हिंदीतही नीला-नीली आहेच. प्रत्येक रंगाची तिन्ही रूपं भरायला कंपनी तयार नव्हती. मग मी शीर्षकातून रंग काढायला लावला आणि खाली वेगळी ओळ सुचवली, ‘रंग: निळा’. रंग हा शब्द पुल्लिंगी, त्यामुळे वस्तू कोणतीही असो, रूप एकच.

असं काम तुमच्याकडे आलं तर शब्दकोश उघडण्याआधी कापड मागा. ते मिळणार नसेल तर निदान फोटो. तोही नसेल तर इंग्रजी नाव देवनागरीत तसंच ठेवा. ‘मस्टर्ड’ वाचून न कळणारा फोटो बघेल. ‘मोहरी’ वाचून चुकीचं समजलेला पार्सल परत पाठवेल.