बयाणा

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या एप्रिलात, सांगलीहून चुलत सासरे गेल्याचा फोन आला. बागबाजारमधल्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत सहा दिवसांवर होती. 30 एप्रिल, अक्षय्य तृतीया, बुधवार, रोहिणी नक्षत्र. ठाकुरमोशायांना पाचशे एक रुपये आगाऊ दिलेले होते. ठाकुरमोशाय म्हणजे इथले गुरुजी. मराठी गुरुजी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात, आणि मला गल्लीतलेच हवे होते.

नवरा रात्रीच निघाला. फोन मी करायचा, असं ठरलं. दिवस मोडण्यापेक्षा ते दुसऱ्या भाषेत सांगणं मला अवघड वाटत होतं. पण त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो नेमका होता : "नांदीमुख झालं नाही ना?" आपल्याकडचं नांदीश्राद्ध. ते एकदा झालं की कार्य सुरू झालं असं धरतात, आणि मध्ये सुतक आलं तरी ते अडत नाही. आमचं ते त्याच सकाळी व्हायचं होतं, म्हणजे अजून काहीच सुरू झालं नव्हतं. "मग थांबायचं," ते म्हणाले. रद्द हा शब्द त्यांनी उच्चारलाच नाही.

मग मोजणी. एकाच गोत्रातले, नवऱ्याचे सख्खे काका, म्हणजे दहा दिवस. 24 एप्रिल हा पहिला धरला तर 3 मे हा दहावा. बातमी दहा दिवसांच्या आत कळली की उरलेलेच दिवस पाळायचे, ऐकल्या दिवसापासून नव्याने दहा नाहीत. सांगलीत धर्मसिंधु आणि इथे नवद्वीपच्या रघुनंदनाची स्मृतिपरंपरा. पुष्कळ ठिकाणी त्यांचं जुळत नाही, या दहावर जुळलं.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्या फोनवर हळूच म्हणाल्या, "दिराचं वर्ष होऊ दे, मग बघू." वर्षभर थांबणं आम्हाला परवडणारं नव्हतं. भाड्याच्या घराचा करार 31 मेला संपत होता. मी ते बोलले नाही. ठाकुरमोशायांनीच सांगितलं की वर्षभराचं बंधन मुलाला, पुतण्याला नाही. हे मी सासूबाईंना जसंच्या तसं मराठीत सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्यांनी पंचांग बघून सांगितलंय ना?"

पंचांग बघायला मी त्यांच्या घरी गेले. वाटेत मराठा डिच लेन लागते. 1742 मध्ये बर्गींच्या भीतीने कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला होता, त्याची आठवण. बर्गी म्हणजे आपले बारगीर. ते या खंदकापर्यंत कधी आलेच नाहीत. दाते पंचांग पिशवीत घेऊन मीच तेवढी चालले होते.

त्यांच्या हातात बंगाली पंजिका. तिच्यातही दोन पंथ आहेत, एक जुन्या सूर्यसिद्धांतावर, दुसरा विशुद्धसिद्धांताचा. तिथी-नक्षत्र संपायच्या वेळांत त्यांच्यात तासांचा फरक पडतो. म्हणून ते काठावरचा मुहूर्त देत नाहीत. 8 मे निघाला, उत्तरा फाल्गुनी होतं. पण तेरावा 6 मेला, नवरा सांगलीहून दोन दिवसांत पोचून संकल्पाला बसणार कसा? जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गुरूचा अस्त, पुढे 6 जुलैला आषाढी आणि चातुर्मास. मधल्या पट्ट्यात 28 मे, बुधवार, शुक्ल द्वितीया. मृग नक्षत्र सबंध दिवसभर. माझ्या पंचांगातही तेच. दोन्ही वह्यांत मधोमध बसणारा दिवस.

वेळ मात्र माझ्या पंचांगातून घेता येईना. मी बोट ठेवलेली लग्नाची वेळ त्यांनी पाहिली आणि हसले. दात्यांच्या वेळा तिकडच्या. कलकत्ता मुंबईच्या पूर्वेला साडेपंधरा अंश, घड्याळ मात्र एकच. तेच लग्न इथे तासभर आधी उगवतं. वेळ तशीच उचलली असती तर आम्ही पुढच्याच लग्नात उंबरा ओलांडला असता. भाषांतरात अशी चूक मी पूर्वी केलेली आहे : शब्द बरोबर, जागा चुकलेली.

निघताना बयाण्याचा विषय काढला. आपला बयाणा, त्यांची बायना, मूळ एकच. पण बंगालीत बायना म्हणजे लहान मुलाचा हट्टही. मी म्हटलं, "बायना परत नको, पुढच्या दिवसाला धरा." त्यांनी विचारलं, "कुठली?"

मग त्यांनी वही उघडली. 30 एप्रिलच्या पानावर आमचं नाव खोडलं नाही, त्याच्यापुढे बाण काढून '28 मे' लिहिलं, आणि समिधा आधीच आणून ठेवल्यात तेव्हा त्या कोरड्या जागी ठेवतो, एवढं सांगितलं. सासूबाईंचं तिकीट मी त्याच संध्याकाळी काढलं.