बासरी घेताना आधी ती तापवा

बासरी शिकायची म्हटले की लोकांना हरिप्रसाद चौरसियांच्या हातातली लांब बासरी हवी असते. पांढरी तीनच्या पट्टीची बासरी जवळपास अडीच फूट लांब. तिच्या भोकांवर पोचताना मोठ्या माणसाचीही बोटे ताणली जातात. नवशिक्याला मी पांढरी पाच सुचवतो. लहान मुलाला त्याहून चढी.

सुराचे मात्र फसवे असते. बासरीत वाजते ती हवा, आणि हवा तापली की सूर चढतो. तापमान दहा अंशांनी बदलले तर फरक साधारण एक तृतीयांश अर्धस्वराचा पडतो. त्यामुळे ‘प्लॅस्टिकची घ्या, सूर टिकतो’ हा सल्ला अर्धाच खरा. ती तडकत नाही, पण थंडीत तीही उतरतेच.

डिसेंबरातल्या एका सकाळी एका विद्यार्थिनीची आई पांढरी पाचच्या दोन बासऱ्या घेऊन आली. पहिलीचा सा ट्यूनरवर उतरलेला, दुसरीचा अगदी बरोबर, म्हणून दुसरीच घ्यायचे जवळपास ठरलेले. मी दोन्ही पाच-सात मिनिटे वाजवल्या. फुंकीच्या उबेने पहिली जागेवर आली आणि दुसरी चढली. तेही एक वेळ चालले असते. मग सहाही भोके झाकून मंद्र पंचम वाजवला आणि बोटे तशीच ठेवून, फुंक जोरकस करून मध्य सप्तकातला पंचम काढला. पहिलीत दोन्ही पंचम जुळले. दुसरीत वरचा पंचम उतरलेला वाटत होता. असा दोष ऊब देऊन जात नाही. कधी आतले बूच सरकवून सुधारतो, पण ते काम शिकणाऱ्याचे नव्हे. ओठ आत-बाहेर करून वादक तो झाकू शकतो, नवशिक्याला मात्र वाटते आपलाच कान चुकतोय.

बांबू आसामचा, पातळ भिंतीचा आणि लांब पेराचा चांगला. उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतचे कारागीर तोच आणून बासऱ्या घडवतात. प्रत्येक पेराची पोकळी वेगळी असते. म्हणून जाणकार कारागीर भोक आधी लहान ठेवतो, फुंकून पाहतो आणि सूर हवा तिथे येईपर्यंत थोडे थोडे मोठे करतो. त्याच्या एकाच पट्टीच्या दोन बासऱ्यांची भोके ताडून पाहिली तर अंतरे हुबेहूब जुळत नाहीत. जत्रेतल्या बासरीची जुळतात, कारण ती एकाच मापाने पाडलेली असतात. रंगीत दोऱ्यांचे वेष्टन मात्र दोन्हींवर असते. तडा आवरायला ते उपयोगी, सुराशी त्याचा संबंध नाही. दोऱ्यांच्या मधल्या भागात उजेड धरून केसाएवढी चीर शोधावी, विशेषतः फुंकीच्या भोकापाशी.

कारागिराला दोनच प्रश्न विचारा: सूर कोणत्या तापमानाला लावला, आणि महिन्याभरात तडकली तर बदलून देणार का? पहिल्यावर जो नुसता हसतो, त्याच्याकडून मी बासरी घेत नाही.