पाळण्याची लय

आर्णीच्या आठवडी बाजारात कापडाच्या एका जुन्या दुकानासमोर एक वृद्ध ढोलकीवाला बसत असे. बाजारकऱ्यांनी टाकलेल्या पैशांवर आणि अधूनमधून मिळणाऱ्या कार्यक्रमांवर त्याचा चरितार्थ चाले. दुकानदाराची धाकटी सून गल्ल्याजवळ बसून हिशेब लिहीत असे. मीटरचे आणि रुपयांचे गणित ती चुटकीसरशी करी. परंतु चार माणसांसमोर बोलण्याची वेळ आली की तिचा कंठ दाटून येई.

चैत्र शुद्ध त्रयोदशी जवळ आली होती. भगवान महावीरांच्या जन्मकल्याणकाच्या दिवशी महिला मंडळाने पाळणा गायचे काम तिच्यावर सोपवले होते. मागील वर्षी दुसऱ्याच कडव्यात ती गोंधळून उठून गेली होती. यंदाही तसेच घडले तर पुन्हा तिला कोणी विचारणार नाही, हे तिलाही ठाऊक होते. सासूबाईंनी मात्र मंडळाला शब्द दिला होता. सासऱ्यांनी दोनशे रुपये ठरवून ढोलकीवाल्याला साथीस बोलावले.

पहिली अडचण वाद्याचीच निघाली. त्याच्या ढोलकीवर बकरीचे चामडे होते आणि मंदिराच्या सभागृहात चामड्याची वस्तू नेणे घरच्यांना मान्य नव्हते. वृद्धाने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तो कृत्रिम पडद्याची ढोलकी घेऊन आला. तिला दोरी-कड्यांऐवजी नट-बोल्ट होते. "हिचा घुमार थोडा कमी असतो, पण स्वर उतरत नाही," असे म्हणत त्याने पान्याने उजवी पुडी तिच्या स्वराला मिळवून घेतली.

दुकानामागच्या पडवीत सराव सुरू झाला. पाळणा दादऱ्यात होता. म्हणजे सहा मात्रांचे आवर्तन, धा धी ना, ना ती ना. तिचा आवाज गोड होता, सूरही पक्का होता. दोष होता तो घाईचा. भीतीमुळे ती समेची वाट न पाहता आधीच ओळ उचली. मग श्वास पुरत नसे, ओळीचा शेवटचा शब्द तुटे आणि तो तुटला की ती आणखी घाई करी.

वृद्धाने दोन-तीनदा ऐकून घेतले आणि हसून विचारले, "पोरी, एवढ्या घाईने पाळणा हलवला तर बाळ झोपेल कसे?"

तीही हसली. मग त्याने तिला गाणे थांबवून केवळ ठेका ऐकायला लावले. पहिल्या तीन मात्रांत डाव्या पुडीचा घुमार असतो. पुढच्या तीन मात्रांत डावा हात थांबतो आणि उजवीचा कोरा आवाज तेवढा उरतो. "घुमार थांबला की श्वास घ्यायचा, परत आला की ओळ उचलायची. पाळणा पलीकडे गेला, अलीकडे आला, एवढेच ध्यानात ठेव." सरावाच्या सर्व दिवसांत त्याने एकही तिहाई, एकही तोडा वाजवला नाही. सासूबाईंना ते वादन अळणी वाटले. तो म्हणाला, "बाई, नवख्या गळ्याबरोबर करामत केली तर सम कुठे आहे, हेच त्याला कळत नाही."

त्रयोदशीच्या दिवशी सभागृह भरले होते. सजवलेल्या पाळण्याची दोरी सासूबाईंच्या हाती होती. ठेक्याची दोन आवर्तने झाली आणि तिने सुरुवात केली. पहिले कडवे नीट गेले. दुसऱ्या कडव्यावर पुढच्या रांगेतील कोणीतरी कुजबुजले आणि तिची लय पळाली. तो तिच्यामागे धावला असता तर दोघेही शेवटपर्यंत धावतच राहिले असते. आणि हात थांबवला असता तर ती तिथेच कोसळली असती. त्याने दोन्ही केले नाही. त्याच लयीत ठेका चालू ठेवला. समेवरची थाप तेवढी किंचित वजनदार केली.

ओळ मात्राभर पुढे निघून गेली. आपण एकटेच आहोत, हे तिला जाणवले. ती थांबली, पण उठली नाही. घुमार थांबला, तिने श्वास घेतला. घुमार परतला, तेव्हा तिने तीच ओळ पुन्हा उचलली, या वेळी समेवर. ऐकणाऱ्यांना ती मुद्दाम घेतलेली पुनरावृत्ती वाटली. उरलेली कडवी तिने डोळे उघडे ठेवून गायली.

कार्यक्रमानंतर सासऱ्यांनी आनंदाने पाचशे रुपये पुढे केले. वृद्धाने त्यांतले दोनशे घेऊन उरलेले परत दिले. "ठरले होते तेवढेच, शेटजी."

पुढील बाजाराच्या दिवशी तो नेहमीच्या जागी वाजवीत बसला होता. आत गल्ल्यावर सून एका गिऱ्हाइकाला कापडाचा भाव सांगत होती. गिऱ्हाईक घासाघीस करीत आवाज चढवू लागले. तिने क्षणभर बाहेरचा ठेका ऐकला, श्वास घेतला आणि तोच भाव पुन्हा, शांतपणे सांगितला.