वार लावलेला वायरमन

बिशानला मुलाकडे राहायला आलो त्या वर्षीची गोष्ट. बेडरूममधला एसी रात्री दोनच्या सुमारास टप-टप गळायला लागला. खाली बादली ठेवली, बादलीत टॉवेल टाकला, तरी झोप काही लागेना. आधी ज्यांच्याकडून काम करून घेतले होते त्यांनी "गॅस कमी झालाय" म्हणून गॅस भरला, पैसे घेतले आणि गेले. आठ दिवसांनी पुन्हा टप-टप सुरू.

मी चौतीस वर्षे इलेक्ट्रिकल मशिन्स शिकवली. माझी पीएच.डी. इंडक्शन मोटरच्या वाइंडिंगच्या तापण्यावर. पण गळणाऱ्या एसीपुढे मी आणि माझी पत्नी सारखेच अडाणी. तरी एवढे मला ठाऊक होते की एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे पैसे हवेत सोडणे.

मग शेजाऱ्यांनी त्यांच्या माणसाला पाठवले. पन्नाशीचा, पायात स्लिपर, पाठीला पिशवी, हातात पाणी ओढणारा व्हॅक्यूम. मला "अंकल" म्हणाला आणि कामाला लागला. झाकण काढून त्याने बाटलीभर पाणी आतल्या पन्हळीत ओतले आणि थांबला. पाणी बाहेर जाईना. "पाइप चोक," एवढेच बोलला. निचऱ्याच्या नळीच्या बाहेरच्या तोंडाला व्हॅक्यूम लावल्यावर आतून साबुदाण्याच्या खिरीसारखा बुळबुळीत गोळा आला. पाणी नीट वाहून गेले असते तर त्याने पुढे बारीक नळीवर बर्फ धरतोय का ते पाहिले असते. बर्फ म्हणजे एक तर जाळी धुळीने भरलेली, नाहीतर गॅस खरोखर कमी. पण ती वेळच आली नाही.

जाताना त्याने एसीच्या बाजूला एक छोटे कार्ड चिकटवले. त्यावर तारीख, काय केले आणि तीन महिन्यांनंतरची पुढची तारीख. मी विचारले, तुमचे दुकान कुठे आहे? तो हसला. दुकान नव्हतेच. एक व्हॅन, एक फोन, आणि अशी कार्डे लावलेली काही शे घरे.

हे मी इतके तपशिलात सांगतोय, कारण त्या दिवसांत माझ्या डोक्यात सांगलीचा माझा भाचा होता.

भाचा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, हात सोन्याचा. मोटर रिवाइंडिंगचे त्याचे छोटे दुकान होते, नदीपासून फार लांब नव्हे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा दुकान छतापर्यंत बुडाले. त्याने कर्ज काढून पुन्हा उभे केले. जुलै 2021 मध्ये पुन्हा पाणी आले. त्यानंतर उंचावरच्या भागात गाळा घ्यायचा तर डिपॉझिटच परवडेना. माझी बहीण फोनवर रडायची, आणि मी, प्रोफेसर मामा, दर वेळी एकच सांगायचो: "थोडे पैसे मी देतो, गाळा बघ." माझ्या मते कारागीर म्हणजे दुकान. इथेच माझे चुकत होते.

त्या रात्री मी त्याला फोन लावला. म्हटले, "अरे, दुकानात काय येते आणि काय येत नाही, याची एकदा यादी कर बघू."

तो म्हणाला, "मामा, मिक्सर येतो, इस्त्री येते, टेबल फॅन येतो."

"आणि छताचा पंखा? गिझर? इन्व्हर्टरची बॅटरी? पाण्याची मोटर?"

तो गप्प झाला. या वस्तू घरातून हलत नाहीत. त्यांच्यासाठी माणसालाच जावे लागते, मग त्याला दुकान असो वा नसो. आणि या सगळ्या बिघडायच्या आधी महिनोन्‌महिने खुणा देतात. त्या खुणा वाचायला ठरलेल्या दिवशी कोणी आले, तर त्या फेरीचेच पैसे घेता येतात.

आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचा. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरे. भाच्याला म्हटले, तूही वार लाव. एका सोसायटीला मंगळवार, दुसरीला गुरुवार. वर्षाला चार फेऱ्या, घरटी 1,200 रुपये, सुटे भाग वेगळे. अर्ध्या तासापेक्षा मोठे काम निघाले तर त्याचे वेगळे बिल. मी कागदावर हिशेब मांडला: शंभर घरे म्हणजे चारशे फेऱ्या, दिवसाला आठ घरे केली तर वर्षातले पन्नास दिवस. म्हणजे आठवड्याचा एकच वार जाईल आणि 1,20,000 रुपये ठरलेले. उरलेले दिवस रिवाइंडिंगच्या कामाला मोकळे. (दिवसाला आठ घरे होत नाहीत, पाच-सहाच होतात. प्रत्येक घरी चहा असतो, हे प्रोफेसरांच्या लक्षात आले नव्हते.)

विश्रामबागेतल्या एका सोसायटीत अकरा घरे तयार झाली. पहिल्या फेरीत त्याने काही दुरुस्त करायचे नाही, फक्त वहीत लिहायचे, असे ठरले. एका घराला एक पान. पंखे किती, प्रत्येकाच्या कपॅसिटरवर आकडा कोणता, बॅटरी कधी घेतली, गिझर किती लिटरचा. ही वही म्हणजेच त्याचे दुकान. दुकानदार फळीवर सगळा माल मांडून बसतो, कारण गिऱ्हाईक काय मागेल ते त्याला माहीत नसते. वहीवाल्याला आदल्या रात्रीच कळते की उद्या 2.5 मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर लागणार, आणि ते खिशात मावतात.

पंख्याचे उदाहरण घेतो, कारण पंखा ही माझ्या पीएच.डी.चीच धाकटी बहीण, छोटी इंडक्शन मोटर. गृहिणीची तक्रार असते, "पंखा पूर्वीसारखा वारा देत नाही." रेग्युलेटर पूर्ण पाचावर ठेवूनही तो मंद फिरत असेल, तर बरेच लोक वाइंडिंगला दोष देतात. भाचा आधी वीज बंद करून हाताने पाते फिरवतो. ते सहज फिरून सावकाश थांबले तर बेअरिंग ठीक. घरघर करून चटकन थांबले तर बेअरिंग गेले. बेअरिंग ठीक असेल तर कपॅसिटर सोडवून, रिकामा करून मीटरवर मोजायचा. लेबलवर 2.5 आणि मीटरवर 1.6 दिसले की निदान झाले. तो पूर्ण गेलेला असेल तर पंखा नुसता गुणगुणतो, काठीने ढकलला की फिरायला लागतो.

इथे एक मोह असतो. 2.5 च्या जागी 3.15 चा घातला तर पंखा जरा जोरात फिरल्यासारखा वाटतो आणि गिऱ्हाईक खूश होते. पण वाइंडिंग जास्त तापते आणि लवकर जळू शकते. एकदाच भेटणाऱ्या माणसाला हे चालून जाते. तीन महिन्यांनी त्याच घरी परत जायचे असेल तर चालत नाही.

सगळे सुरळीत झाले असे नाही. पहिला फटका बॅटरीने दिला. एका घरी इन्व्हर्टरच्या बॅटरीतले पाणी कमी दिसले, म्हणून भाच्याने डिस्टिल्ड वॉटर वरच्या खुणेपर्यंत भरले. पण त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती आणि बॅटरी उतरलेली होती. उतरलेल्या बॅटरीत पातळी खाली असते, चार्ज होताना ती वर चढते. रात्री लाईट आली, बॅटरी चार्ज झाली आणि आम्लमिश्रित पाणी बाहेर सांडले.  खाली संगमरवर होता. पांढरा खड्डेदार डाग पडला. भाच्याने पदरचे पैसे घालून दोन फरश्या बदलून दिल्या, आणि ती वर्षाची वर्गणी त्यातच गेली.

आता त्याचा नियम असा: बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावरच पाणी भरायचे. आतल्या प्लेटा उघड्या दिसल्या तर फक्त त्या बुडतील इतकेच आधी घालायचे. आम्ल कधीच घालायचे नाही, कारण उडून जाते ते पाणी. आरओचे पाणीही नाही. फेरीच्या आदल्या दिवशी तो सोसायटीच्या ग्रुपवर लिहितो, "उद्या बॅटरी चार्ज हवी," आणि लाईट गेली असेल तर तेवढे काम पुढच्या वारावर ढकलतो.

दुसरा त्रास माणसांचा. वर्गणी भरली म्हणजे माणूस आपलाच, असे समजून लोक बल्ब गेला तरी रात्री नऊला फोन करायचे. तेव्हा त्याने ठरवून टाकले: जळका वास, शॉक, किंवा पूर्ण अंधार, या तीनच गोष्टींना लगेच येणार. बाकीचे वहीत. मिक्सर-इस्त्रीसारख्या वस्तू वाराच्या दिवशी वॉचमनच्या केबिनमध्ये आणून ठेवायच्या. दोन घरांनी नाराज होऊन सोडले. बाकीची राहिली.

मर्यादाही सांगतो, कारण हे वाचून इथल्या कुणाच्या मनात येईल की आपणही करावे. सिंगापूरमध्ये घराच्या वायरिंगला हात लावायचा तर ईएमएचा परवाना असलेला इलेक्ट्रिकल वर्करच लागतो. वर्क पासचे नियम वेगळेच. भारतातही पंखा, दिवा, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलणे वेगळे, आणि नवीन पॉइंट काढणे किंवा लोड वाढवणे वेगळे. दुसऱ्यासाठी परवानाधारक कंत्राटदार लागतो. भाच्याकडे वायरमनचा परवाना नाही. एसीसाठी नवी लाईन ओढून द्या म्हणून त्याला दर उन्हाळ्यात विचारणा होते, चांगले पैसे असतात, आणि तो एका परवानाधारक मित्राचा नंबर देतो. सुरुवातीला माझ्या बहिणीला ते पटत नसे. हातचे काम दुसऱ्याला कशाला? आता तोच मित्र त्याला पंख्यांची, बॅटऱ्यांची घरे पाठवतो.

सध्या तीन सोसायट्यांत मिळून 58 घरे आहेत. वर्षाचे 69,600 रुपये ठरलेले, त्यावर दुरुस्त्यांचे बिल. घर यावरच चालत नाही. रिवाइंडिंग तो घराच्या मागच्या पडवीत करतो, पण ते काम कधी येते, कधी येत नाही. फेऱ्यांचे पैसे मात्र ठरल्या महिन्यात येतात, म्हणून जुन्या कर्जाचा हप्ता त्यातून जातो. पूर आला तर उचलायची वस्तू एकच, ती वही. तिचे फोटो तो दर रविवारी मला पाठवतो.

गेल्या आठवड्यात ऑक्टोबरच्या फेरीचे पान आले. बहिणीच्याच सोसायटीतले एक घर. हॉलचा पंखा 2.4, ठीक. बॅटरीचे सहापैकी दोन सेल दर वेळी जास्त पाणी पितात, पुढच्या फेरीत पुन्हा पाहणे. आणि खाली त्याच्या अक्षरात: "आकाशकंदिलाची वायर खिडकीच्या फटीत चेपली आहे, दिवाळीआधी बदलणे. काकूंना सांगितले, पटले नाही. मंगळवारी पुन्हा सांगणे."